कुठल्या मालाची ऑर्डर नेमकी कधी टाकायची: रीऑर्डर पॉइंट आणि सेफ्टी स्टॉक काढायची सगळी पद्धत

बेअरिंग, बेल्ट, ऑइल सील असला माल ठेवणाऱ्या दुकानात ऑर्डर टाकायची वेळ बहुतेक वेळा अंदाजानंच ठरते. रॅक रिकामा दिसला की डीलरला फोन, नाहीतर सेल्समन आला की त्यानं सांगितलं तेवढं घ्यायचं. यात होतं काय की जो माल रोज लागतो तो ऐनवेळी संपतो आणि जो वर्षातून चारदा जातो त्याचे डबे धूळ खात पडतात, पैसा दोन्हीकडं अडकतो. प्रत्येक आयटमला एक आकडा ठरवून ठेवता येतो, की स्टॉक इथपर्यंत उतरला की ऑर्डर टाकायचीच, यालाच रीऑर्डर पॉइंट म्हणतात, आणि तो आकडा काढायला कुठलंही महागडं सॉफ्टवेअर लागत नाही.

उदाहरणाला कुपवाड एमआयडीसीजवळचं सांगली भागातलं बेअरिंगचं दुकान धरू, माल पुण्याहून ट्रान्सपोर्टनं येतो. आयटम 6205 बेअरिंग, म्हणजे 25 एमएम बोअरचं, मोटर-पंपात भरपूर लागणारं. आकडे समजण्यापुरते धरलेत, तुमचे वेगळे येणार.

आधी मागणी

मागच्या 12 आठवड्यांची विक्री आठवड्यावार काढायची, टॅलीतून निघते. समजा ती अशी आहे: 38, 45, 41, 52, 36, 44, 60, 40, 47, 35, 49, 41. बेरीज 528, म्हणजे सरासरी आठवड्याला 44 नग. आता हे आकडे सरासरीपासून किती खालीवर होतात ते मोजायचं, त्याला स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणतात, एक्सेलमध्ये `STDEV.S` दिलं की येतं. इथं ते 7.2 येतं. साधा अर्थ असा की बहुतेक आठवडे 37 ते 51 च्या आसपास जातात, एखादा त्याच्या बाहेर.

इथं थांबून दोन गोष्टी तपासायच्या, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. एक म्हणजे विक्री आणि मागणी सारखी नसते. समजा एखाद्या आठवड्यात माल बुधवारीच संपला आणि 20 च विकले गेले, तर टॅली 20 दाखवणार, पण गिऱ्हाईक आणखी पंचवीस-तीस मागून परत गेलेलं असतं, आणि तो 20 तसाच धरला तर सरासरी खाली येते, रीऑर्डर पॉइंट खाली येतो आणि माल पुन्हा संपतो, असं ते चक्र चालूच राहतं. म्हणून माल संपलेला आठवडा हिशोबातून काढून टाका, आणि यापुढं काउंटरवर एक वही ठेवून "मागितलं, नव्हतं" एवढं लिहायची सवय लावा. दुसरं म्हणजे तो 60 चा आठवडा. बिल उघडून बघा. रोजच्या फुटकळ गिऱ्हाइकानं मिळून 60 झाले असतील तर आकडा राहू द्या, पण एकाच कारखान्यानं दुरुस्तीसाठी एकदम 20 नेले असतील तर ते 20 वजा करा. असा माल आधी विचारून ऑर्डरवर आणून द्यायचा असतो, त्याच्यासाठी वर्षभर स्टॉक धरून ठेवायचा नसतो. आपल्या उदाहरणात 60 फुटकळच होते असं धरू.

मग लीड टाइम, आणि खरी गोम इथंच आहे

डीलरला विचारलं तर तो सांगणार "पाच दिवसात देतो की". तो त्याच्या गोडाऊनमधून माल निघण्याचं बोलत असतो. आपल्याला मोजायचंय ते ऑर्डर टाकायची असं ठरल्या दिवसापासून माल मोजून रॅकवर लागेपर्यंतचं सगळं. यात मालकाला विचारायला गेलेला दिवस आला, जुनं बिल थकलंय म्हणून डीलरनं थांबवलेला माल आला, ट्रान्सपोर्टवाल्यानं गाडी भरेपर्यंत ठेवलेलं पार्सल आलं, आणि बिल्टी आली तरी सोडवायला माणूस नव्हता तेही आलं. रविवार-सुट्ट्या पण धरा, कारण पुढं आठवडा करताना आपण सातही दिवस धरतो. 100 मागवले आणि आधी 60 आले, उरलेले आठवड्यानं आले, तर ज्या दिवशी बहुतेक माल हातात पडला ती तारीख लिहा, आणि उरलेल्याची वेगळी नोंद ठेवा.

ही नोंद कुणाकडंच नसते. पण जुनी परचेस बिलं आणि बिल्ट्या काढल्या, व्हॉट्सअॅपवर डीलरला टाकलेल्या ऑर्डरच्या तारखा बघितल्या, की मागच्या सात-आठ ऑर्डरींचं सहज जुळवता येतं. समजा आठ ऑर्डरी अशा निघाल्या: 6, 7, 5, 8, 7, 12, 6, 5 दिवस. सरासरी बरोबर 7 दिवस, स्टँडर्ड डेव्हिएशन 2.27 दिवस. मागणी आठवड्यात मोजलीय म्हणून हेही आठवड्यात करायचं: सरासरी 1 आठवडा, डेव्हिएशन 2.27 भागिले 7, म्हणजे 0.324 आठवडा.

युनिटची ही गडबड लय जणांची होते, मागणी महिन्याची आणि लीड टाइम दिवसाचा असा हिशोब केला की उत्तर कुठच्या कुठं जातं. आणि मागणीचं महिन्याचं डेव्हिएशन दिवसावर आणायचं असेल तर 30 नं नाही, 30 च्या वर्गमुळानं भागायचं, म्हणजे साधारण 5.5 नं. कारण रोजचे चढउतार एकमेकांना थोडे कापत जातात, म्हणून महिन्याचं हेलकावणं रोजच्याच्या तीसपट नसतं. या कटकटीपेक्षा सगळं आठवड्यात ठेवलेलं बरं.

आता हिशोब

माल यायला लागणाऱ्या काळात सरासरीनं जेवढा खपतो तेवढा लागणारच: 44 गुणिले 1 = 44. फक्त 44 वर ऑर्डर टाकली तर जवळजवळ निम्म्या वेळा माल यायच्या आधी संपणार, कारण सरासरीच्या वर जाण्याची शक्यता निम्मी असते. त्याच्यावर जो जादा ठेवायचा तो सेफ्टी स्टॉक.

या जादाला दोन कारणं असतात. एक म्हणजे त्या आठवड्यात विक्री जास्त झाली, दुसरं म्हणजे माल उशिरा आला. दोन्ही एकत्र धरायचं सूत्र असं:

```
safety stock = z * SQRT(L*SDd^2 + d^2*SDL^2)
reorder point = d*L + safety stock
```

यात `d` म्हणजे आठवड्याची सरासरी मागणी, `SDd` तिचं डेव्हिएशन, `L` सरासरी लीड टाइम, `SDL` त्याचं डेव्हिएशन. `z` म्हणजे आपल्याला किती खात्री पाहिजे त्याचा आकडा, 90 टक्क्याला 1.28, 95 ला 1.645, 99 ला 2.33.

आकडे घालू. मागणीचा भाग: 1 गुणिले 7.2 चा वर्ग, साधारण 52. लीड टाइमचा भाग: 44 चा वर्ग 1936, गुणिले 0.324 चा वर्ग 0.105, साधारण 203. बेरीज 255, वर्गमूळ 16. 95 टक्क्यासाठी 1.645 नं गुणलं की 26.3, म्हणजे 27 नग सेफ्टी स्टॉक. रीऑर्डर पॉइंट 44 + 27 = 71. स्टॉक 71 वर आला की ऑर्डर.

ते 52 आणि 203 परत एकदा बघा. आपण सगळे म्हणत असतो "गिऱ्हाइकाचा काय भरवसा नाही", पण इथं सेफ्टी स्टॉक फुगवतोय तो माल वेळेवर न येणं. फक्त विक्रीचा चढउतार धरला असता तर 12 नगात भागलं असतं. त्यातही ती 12 दिवसांची एकच ऑर्डर सगळं बिघडवतेय. ती का लांबली ते बघायला गेलं आणि समजा निघालं की जुनं पेमेंट थकलं होतं म्हणून डीलरनं माल अडवला होता, तर ते आपल्या हातातलं कारण आहे. पेमेंटची शिस्त लावली आणि ती ऑर्डर हिशोबातून काढली, तर उरलेल्या सातांची सरासरी 6.3 दिवस आणि डेव्हिएशन 1.1 दिवस येतं, सेफ्टी स्टॉक 17 आणि रीऑर्डर पॉइंट 57. एका थकलेल्या बिलापायी सेफ्टी स्टॉकची 10 बेअरिंग कायमची रॅकवर बसून राहणार होती. मात्र कारण खरंच मिटवलं असेल तरच आकडा काढा, नाहीतर तो 12 दिवस परत येणारच आहे आणि तेव्हा 57 पुरणार नाहीत.

बी.कॉमच्या पुस्तकात एक सोपी पद्धत असते, जास्तीत जास्त खप गुणिले जास्तीत जास्त लीड टाइम. इथं ती 60 गुणिले 12/7 आठवडे म्हणजे साधारण 103 नग सांगते. पण सगळ्यात वाईट विक्री आणि सगळ्यात वाईट उशीर एकाच वेळी क्वचितच येतात, म्हणून 71 ऐवजी 103 ठेवणं म्हणजे विनाकारण माल भरणं. नवीन आयटम असेल आणि तीन-चारच ऑर्डरींची नोंद असेल तर मात्र तीच पद्धत वापरा, एवढ्या कमी आकड्यांवर डेव्हिएशन काढून काय उपयोग नाही.

शीटमध्ये सगळ्या आयटमला लावायचं कसं

एका ओळीत एक आयटम. `A` मध्ये नाव, `B` सरासरी मागणी, `C` मागणीचं डेव्हिएशन, `D` सरासरी लीड टाइम, `E` त्याचं डेव्हिएशन, `F` मध्ये खात्री, 0.95 अशी लिहायची. मग `G` मध्ये सेफ्टी स्टॉक आणि `H` मध्ये रीऑर्डर पॉइंट:

```
G2: =ROUNDUP(NORM.S.INV(F2)*SQRT(D2*C2^2+B2^2*E2^2),0)
H2: =ROUNDUP(B2*D2,0)+G2
```

खाली ओढलं की पाचशे आयटमचं होतं. गूगल शीटमध्येही हेच चालतं. लीड टाइम आयटमवार नसेल तर डीलरवार काढा, एकाच डीलरचा माल बहुतेक एकाच गाडीनं येतो, त्यामुळं नोंदीही जास्त मिळतात आणि आकडा पक्का होतो. आलेला `H` चा आकडा टॅलीत त्या आयटमच्या रीऑर्डर लेव्हलमध्ये भरून ठेवा.

95 टक्के म्हणजे काय, आणि सगळ्यांना 95 च का

95 टक्के म्हणजे शंभरातल्या पंचाण्णव गिऱ्हाइकांना माल मिळणार असं नाही. अर्थ असा की शंभर वेळा ऑर्डर टाकली तर साधारण पाच वेळा माल यायच्या आधी स्टॉक संपेल. आपण 6205 दर वेळी 100 मागवत असू तर वर्षाला 23 ऑर्डरी होतात, म्हणजे वर्षातून एखाद्या वेळी गिऱ्हाइकाला रिकाम्या हातानं परत पाठवावं लागणार. हे चालेल का ते तुम्ही ठरवायचं.

99 टक्के पाहिजे असेल तर सेफ्टी स्टॉक 38, म्हणजे 27 वरून 11 नग जास्त. 90 चालत असेल तर 21. शेवटचे टक्के सगळ्यात महाग पडतात. माझं मत विचाराल तर खात्रीचा आकडा मालाच्या किमतीवरून ठरवू नका, तो नसला तर काय होतं त्यावरून ठरवा. 6205 शेजारच्या दुकानातून दहा रुपये जास्त देऊन आणून देता येत असेल तर 90 बास. पण जो बेल्ट नाही मिळाला म्हणून गिऱ्हाइकाची गिरणी बंद पडते आणि तो माणूस पुढच्या वेळी सगळी खरेदीच दुसरीकडं करतो, त्याला 98-99 द्या, भले तो स्वस्तातला असेना.

71 वर आलाय हे कळणार कसं

सूत्र असं धरून चालतं की स्टॉक 71 ला पोचल्या क्षणी तुम्हाला कळतं. प्रत्यक्षात मालक शनिवारी रॅक बघतो. सोमवारी 70 वर आलेला स्टॉक शनिवारपर्यंत 30-35 वर गेलेला असतो आणि मग 71 च्या हिशोबाला अर्थ उरत नाही. आठवड्यातून एकदाच बघणार असाल तर लीड टाइममध्ये तो आठवडा मिळवा: मागणीच्या भागात `L` च्या जागी 1 ऐवजी 2 धरायचं, लीड टाइमचं डेव्हिएशन तेच ठेवायचं. मग सरासरी 88 आणि सेफ्टी 29, म्हणजे 117. दर शनिवारी हातातला आणि वाटेवरचा मिळून 117 होईल एवढी ऑर्डर टाकायची.

दर शनिवारचा हा हिशोब टाळायचा असेल तर जुना उपाय सोपा आहे: 71 नग वेगळ्या खोक्यात चिकटपट्टी लावून ठेवा, वरचा सुटा माल संपून खोकं फोडायची वेळ आली की त्याच दिवशी ऑर्डर. खोक्यावर आयटमचं नाव आणि डीलरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी, ती फाडून टेबलावर आणायची. दुकानातल्या पोराला आकडेमोड कळायची गरजच नाही. माल आला की आधी खोकं भरायचं, मग रॅक.

आणि स्टॉक म्हणजे फक्त रॅकवरचा नाही. रॅकवरचा, अधिक मागवलेला पण न आलेला, वजा गिऱ्हाइकाला कबूल केलेला, हे मिळून जे येतं ते 71 शी ताडायचं. नाहीतर परवा ऑर्डर टाकलेली असते, रॅकवर 50 दिसतात म्हणून आज परत टाकली जाते, आणि दहा दिवसांनी दुप्पट माल दारात.

कधीतरीच जाणाऱ्या मालाला हे सूत्र नको

22216 सारखं मोठं रोलर बेअरिंग, महिन्याला सरासरी दोन जातात, एखाद्या महिन्यात शून्य, एखाद्यात पाच. इथं वरचं सूत्र फसतं, कारण ते धरून चालतं की आकडे सरासरीच्या दोन्ही बाजूला सारखे पसरलेत, पण खरी विक्री तर शून्याच्या खाली जात नाही. याला पॉयसन वापरा. लीड टाइम 18 दिवस असेल तर त्या काळात सरासरी 2 गुणिले 18/30 = 1.2 नग लागणार. शीटमध्ये टाका:

```
=POISSON.DIST(2,1.2,TRUE)
=POISSON.DIST(3,1.2,TRUE)
```

पहिलं 0.88 देतं, दुसरं 0.97. म्हणजे 2 राहिल्यावर ऑर्डर टाकली तर 88 टक्के खात्री, 3 वर टाकली तर जवळपास 97. महाग नगाला या एका नगाचा निर्णय हातानं घ्यायचा असतो, तिथं सूत्रावर सोडू नका.

सीझन आणि पूर

आपल्या भागात वर्षभर एकच आकडा चालत नाही. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत, त्याच्या आधी कारखान्यांचं ओव्हरहॉलिंग. तासगाव-मिरज बाजूला ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षाच्या फवारणीचं सामान जोरात जातं. मागच्या 12 आठवड्यांची सरासरी घेऊन ऑक्टोबरचा आकडा काढला तर तो पावसाळ्याचा आकडा असतो. म्हणून सीझनच्या आयटमला मागच्या वर्षीचे तेच 12 आठवडे घ्या, यंदाची एकूण विक्री जेवढ्या पटीनं वाढलीय तेवढ्यानं सरासरी आणि डेव्हिएशन दोन्ही गुणा, आणि सीझन सुरू व्हायच्या एक लीड टाइम आधीच नवीन आकडा लावा. उतरताना पण तसंच, सीझन संपायच्या आधी आकडा खाली आणा, नाहीतर शेवटची मोठी ऑर्डर वर्षभर अंगावर बसते.

सीझनला आणखी एक होतं, सगळीकडून मागणी वाढते म्हणून डीलरकडं पण माल तुटतो. सूत्र मात्र धरून चालतं की विक्री आणि उशीर यांचा एकमेकांशी संबंध नाही. म्हणून सीझनचा लीड टाइम वेगळा लिहून ठेवा आणि तोच वापरा.

ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या पुरासारख्या काळातली ऑर्डर डेव्हिएशनमध्ये घालू नका, एका पुरामुळं वर्षभर सगळ्या आयटमचा सेफ्टी स्टॉक फुगेल. त्यापेक्षा जुलै-ऑगस्टपुरता, दुकान ज्यांच्यावर चालतं त्या दहा-पंधरा आयटमनाच एक आठवड्याचा माल जादा घ्या, आणि तो खालच्या रॅकवर ठेवू नका. दिवाळीचं तर तारखेसकट माहीत असतं, डीलर आणि ट्रान्सपोर्ट बंद असणार, तेव्हा तेवढे दिवस लीड टाइममध्ये सरळ मिळवून ऑर्डर आधी टाकायची, त्याला चढउतार म्हणायचं कारण नाही.

आकडा बरोबर बसलाय का ते कसं बघायचं

नवीन माल दारात आला की उतरवून घ्यायच्या आधी जुना किती उरलाय तो मोजून बिलावर कोपऱ्यात लिहा. हा आकडा सरासरीनं सेफ्टी स्टॉकच्या आसपास यायला पाहिजे, म्हणजे 6205 ला 27 च्या जवळ, कधी 45, कधी 8. आठ-दहा वेळा लिहिल्यावर दर वेळी 40 च्या वरच उरत असतील तर आकडा जास्त आहे, खाली आणा. सारखे 5-10 च उरत असतील, किंवा मध्येच संपत असेल, तर आधी लीड टाइमची नोंद परत तपासा, मागणी नंतर. दर तीन महिन्यांनी शीटमध्ये नवीन 12 आठवडे घाला, पण आकडा 71 चा 73 झाला म्हणून खोक्यावरची चिठ्ठी बदलत बसू नका, दहा टक्क्यांपेक्षा जास्त हलला तरच बदला. आणि सुरुवात पाचशे आयटमपासून करू नका, ज्या वीस आयटमचा माल मागच्या सहा महिन्यांत सगळ्यात जास्त वेळा संपला ते घ्या, "मागितलं, नव्हतं" ची वही चालू असेल तर त्यात ती यादी आयतीच मिळते.